विश्लेषण : सौदी करारातील ‘नोटीस’ नेमकी कशाची? भाषांतरातील एक शब्द कामगाराला किती महागात पडतो?

सौदी अरेबियात नोकरीसाठी निघालेल्या कामगाराच्या हाती पडणारा करार बहुधा दोन रकान्यांचा असतो. उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी. कामगार स्वतः वाचतो किंवा गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतो, तो डावा रकाना. वाद उभा राहिला की वाचला जातो उजवा. पगार, राहण्याची सोय, विमानाचे तिकीट यांबाबत दोन्ही रकाने सहसा जुळतात, कारण तिथे आकडे असतात. घोटाळा होतो तो शेवटच्या पानावर, नोकरी कशी संपेल हे सांगणाऱ्या कलमांत. तिथे अरबीत चार-पाच वेगवेगळे शब्द असतात आणि इंग्रजीत त्या सगळ्यांसाठी दोनच : ‘नोटीस’ आणि ‘टर्मिनेशन’.

अरबी मजकुरालाच वजन का?

सौदीचा कामगार कायदा २००५चा आहे. त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की करार, नोंदी आणि कागदपत्रे अरबीत असतील; मालकाने सोबत दुसरी भाषा वापरली, तर ग्राह्य धरला जाईल तो अरबी मजकूर. म्हणजे इंग्रजी रकाना ही सोय आहे, करार नव्हे. ‘मला इंग्रजीत असे सांगितले होते’ हे म्हणणे तिथल्या कामगार न्यायालयात फारसे टिकत नाही.

मग इंग्रजीची गरजच काय, असा प्रश्न पडेल. गरज आहे, कारण कामगार आणि अरबी यांच्यामधला पूल इंग्रजीचाच आहे. मुंबईतला भरती एजंट, वकिलातीतला अधिकारी, गावातला पुतण्या, सगळे इंग्रजीवरूनच मराठीत किंवा हिंदीत अर्थ सांगतात. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे अनेक कामगार लहानपणी अरबी अक्षरे वाचायला शिकलेले असतात. पण अक्षर लावता येणे वेगळे आणि कायद्याची अरबी कळणे वेगळे. पहिल्या पायरीवर इंग्रजीत झालेली चूक दुसऱ्या पायरीवर मराठीत तशीच उतरते आणि मग ती कुणालाच दिसत नाही.

साठ दिवसांची ‘नोटीस’ कशासाठी?

सर्वात जास्त फसवणारे वाक्य कराराच्या मुदतीच्या कलमात असते. त्याचा अरबी आशय साधारण असा : हा करार दोन वर्षांचा आहे, मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी एका पक्षाने दुसऱ्याला ‘नूतनीकरण करायचे नाही’ असे लेखी कळवले नाही, तर तो तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा लागू होईल. कुठे साठ दिवस असतात, कुठे तीस.

घाईत केलेल्या इंग्रजीत याचे होते : ‘आयदर पार्टी मे एंड धिस काँट्रॅक्ट बाय सिक्स्टी डेज नोटीस’. व्याकरण शुद्ध, अर्थ उलटा. मूळ वाक्य दोन वर्षांच्या शेवटी दार कधी उघडते ते सांगते. भाषांतर म्हणते की दार केव्हाही उघडे आहे.

हे वाक्य भारतीय माणसाला खटकत नाही, कारण आपल्याकडच्या खासगी नोकरीत नोटिशीचा अर्थच तो आहे. एक महिना आधी सांगा, हिशेब घ्या, मोकळे व्हा. सौदी कायद्यातही अशी नोटीस आहे. पंच्याहत्तराव्या कलमात ती सापडते आणि फेब्रुवारी २०२५पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर मासिक पगारावरच्या कामगाराने तीस दिवस, तर मालकाने साठ दिवस आधी कळवायचे असते. पण हे कलम मुदत न ठरलेल्या करारांसाठी आहे. परदेशी कामगाराचा करार सदतिसाव्या कलमानुसार लेखी आणि ठरावीक मुदतीचाच असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती काम सुरू केल्यापासून एक वर्ष धरली जाते. अरबीत त्याला ‘मुहद्दद अल-मुद्दा’ म्हणतात. यातला ‘मुद्दा’ म्हणजे आपल्या मराठीतली मुदतच. तेव्हा तीस दिवसांची बातमी मोबाइलवर वाचून ती स्वतःला लागू आहे असे समजणारा परदेशी कामगार चुकीच्या कलमावर उभा असतो.

चांगल्या भाषांतरात इथे नुसते ‘नोटीस’ येऊ नये. ‘नोटीस ऑफ नॉन-रिन्यूअल’ असे पूर्ण लिहावे आणि ती मुदत संपण्याच्या आधीच द्यायची आहे, हे त्याच वाक्यात असावे. दोन शब्द वाढतात एवढेच.

चुकीचा हिशेब किती रियालचा?

समजा, चिपळूणजवळचा एक एसी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ दम्मामला गेला आहे. करार दोन वर्षांचा. मूळ वेतन १,६०० रियाल, घरभाडे भत्ता ४००, प्रवास भत्ता २००, एकूण २,२००. घरी वडील आजारी पडतात. बारा महिने पूर्ण झाल्यावर तो इंग्रजी रकान्यावर विसंबून साठ दिवसांची नोटीस देतो, चौदाव्या महिन्याच्या अखेरीस काम थांबवतो आणि सगळे नियमाप्रमाणे झाले असे समजतो.

मालकाच्या हातात अरबी रकाना आहे. त्याच्या दृष्टीने कामगाराने दहा महिने शिल्लक असताना करार मोडला. कायद्याचे सत्त्याहत्तरावे कलम सांगते की मान्य होण्याजोग्या कारणाशिवाय ठरावीक मुदतीचा करार मोडला, तर ज्या पक्षाचे नुकसान झाले त्याला उरलेल्या मुदतीचे वेतन भरपाई म्हणून मिळेल आणि ती दोन महिन्यांच्या वेतनाहून कमी नसेल. दहा महिन्यांचे २,२०० प्रमाणे २२,००० रियाल होतात.

हे कलम दुधारी आहे, हे बहुतेक भाषांतरांत हरवते. अरबीत ‘नुकसान झालेला पक्ष’ असे आहे. मालक किंवा कामगार असे नाही. मालकाने चौदाव्या महिन्यात विनाकारण काढले असते, तर हेच २२,००० रियाल या तंत्रज्ञाला मिळायला हवे होते. इंग्रजीत ‘कामगाराने भरपाई द्यावी’ एवढेच उतरले, तर कामगाराला आपले देणे कळते, येणे कळत नाही.

या कलमाच्या सुरुवातीला आणखी एक अट आहे : करारात विशिष्ट भरपाई आधीच ठरवलेली नसेल, तरच हा हिशेब लागू. म्हणून करारात कुठेतरी ‘दोन महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई’ असे एक छोटे वाक्य असेल, तर आकडा २२,००० वरून थेट ४,४०० वर येतो, दोन्ही बाजूंसाठी. कामगाराला ते फायद्याचे की तोट्याचे, हे आधी कोण करार मोडणार यावर अवलंबून आहे. पण ते वाक्य करारात आहे की नाही हे त्याला सही करण्यापूर्वी कळलेच पाहिजे. ‘भरपाई’साठी अरबीत ‘तअवीद’ हा शब्द आहे. काही भाषांतरांत त्याचे ‘नोटीस पे’ केलेले असते. मग वाचणाऱ्याला वाटते, दोन महिन्यांचा पगार दिला की नोटीस द्यावी लागत नाही. मूळ वाक्य नोटिशीबद्दल नसतेच.

प्रत्येक मालक न्यायालयात जातो असे नाही. पण हातात असा दावा असणे पुरेसे असते. शेवटचा पगार, रजेचे पैसे यांची बोलणी सुरू झाली की तो दावा टेबलावर येतो.

मग त्या तंत्रज्ञाने काय करायला हवे होते?

राजीनामा द्यायला हवा होता. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे राजीनामा देणे आणि नोटीस देणे एकच. २०२५च्या दुरुस्तीने सौदी कायद्यात राजीनाम्याची, म्हणजे ‘इस्तिकाला’ची व्याख्या आली आहे : कामगाराने दबावाशिवाय, विनाअट, लेखी कळवणे की ठरावीक मुदतीचा करार संपवायचा आहे, आणि मालकाने ते स्वीकारणे. मालकाने तीस दिवस उत्तरच दिले नाही, तर राजीनामा स्वीकारला असे धरतात. कामाच्या गरजेपोटी त्याला स्वीकृती जास्तीत जास्त साठ दिवस पुढे ढकलता येते, पण ते कारणासह लेखी कळवावे लागते. कामगारालाही सात दिवसांत, मालकाने स्वीकारलेला नसेल तर, राजीनामा मागे घेता येतो.

राजीनामा स्वीकारला गेला की करार संमतीने संपतो आणि उरलेल्या दहा महिन्यांच्या भरपाईचा मुद्दा उभा राहायला आधार राहत नाही. पण त्यासाठी पत्रावर योग्य शब्द हवा. अरबी पत्रात ‘इस्तिकाला’ऐवजी ‘मी करार मोडत आहे’ असा अर्थ होणारा ‘फस्ख’ आला, तर त्याच हेतूचा कागद कामगाराच्या विरोधात पुरावा ठरू शकतो.

इथे इंग्रजीच्या ‘टर्मिनेशन’ची खरी अडचण समोर येते. अरबी करारात ‘इन्तिहा’ म्हणजे मुदत भरून करार आपोआप संपणे. हा शब्द हिंदी गाण्यांतून आपल्या कानावरून गेलेला आहे, शेवट किंवा परिसीमा या अर्थाने. ‘इन्हा’ म्हणजे कुणीतरी तो संपवणे. लिहिताना दोन्हींत एका ‘ते’ या अक्षराचा फरक. छापील कागद धूसर असेल तर त्याचे दोन टिंब दिसतही नाहीत. ‘फस्ख’ म्हणजे कुणीतरी तो मोडणे, बहुधा दुसऱ्याच्या कसुरीवरून. आणि ‘इस्तिकाला’ म्हणजे राजीनामा. चारही ठिकाणी ‘टर्मिनेशन’ लिहिले की कोण काय करत आहे हेच पुसले जाते. पहिल्यासाठी ‘एक्स्पायरी’, राजीनाम्यासाठी ‘रेझिग्नेशन’ हे शब्द इंग्रजीत तयार आहेत. ते न वापरण्याचे कारण आळसाखेरीज दुसरे दिसत नाही.

याचा उलटा प्रकारही घडतो आणि तो अधिक चीड आणणारा आहे. दोन वर्षे पूर्ण झाली, कामगार परत निघाला, कार्यालयात एक अरबी कागद पुढे आला, ‘हिशेबाचा आहे, सही कर’. कागदावर मथळा ‘इस्तिकाला’ असेल, तर मुदत भरून संपलेली नोकरी राजीनाम्यात बदलते. फरक सेवासमाप्तीच्या रकमेत पडतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचे वेतन, हा नियम. दोन वर्षांचे मिळून आपल्या तंत्रज्ञाला २,२०० रियाल. राजीनामा असेल तर दोन ते पाच वर्षांच्या सेवेला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ७३३. दोन वर्षांच्या आत राजीनामा असेल तर काहीच नाही. या रकमेला अरबीत ‘मुकाफआ’ म्हणतात. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ बक्षीस असा सापडतो, म्हणून इंग्रजीत ‘बोनस’ किंवा ‘रिवॉर्ड’ उतरते आणि कामगाराला वाटते, मालकाची मर्जी असेल तर मिळेल. ती मर्जी नाही, हक्क आहे. ‘एंड ऑफ सर्व्हिस ग्रॅच्युइटी’ म्हटले तर भारतीय वाचकाला लगेच कळते.

इशारा आणि नोटीस यांत गल्लत कशी होते?

ऐंशीव्या कलमात मालकाला कामगाराला ताबडतोब काढता येण्याची कारणे आहेत. तिथे ग्रॅच्युइटी, नोटीस, भरपाई, तिन्ही नाहीत. मात्र कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे ही अट आहे, आणि भाषांतरात सर्वात आधी गळते ती हीच. कारणांपैकी एक गैरहजेरीचे : मान्य कारणाशिवाय कराराच्या एका वर्षात एकूण तीस दिवसांहून जास्त, किंवा सलग पंधरा दिवसांहून जास्त. पण त्याआधी पहिल्या प्रकारात वीस दिवसांनंतर आणि दुसऱ्यात दहा दिवसांनंतर लेखी ताकीद द्यावी लागते.

या ताकिदीला अरबीत ‘इंजार’ म्हणतात. नोटिशीला ‘इशआर’. इंग्रजीत दोन्हींचे ‘रिटन नोटीस’ झालेले दिसते. गंमत म्हणजे मराठी कानाला ‘इशआर’ हा ‘इशारा’सारखा वाटतो, आणि आपल्या बोलण्यात इशारा म्हणजे तर ताकीदच. प्रत्यक्षात ते दोन वेगळे शब्द आहेत. गल्लतीचा परिणाम असा की अकराव्या दिवशी ताकीद हातात पडलेला कामगार तिला नोकरीवरून काढल्याची नोटीस समजतो, कामावर जाणे सोडून देतो आणि पंधरा दिवस स्वतःच भरून काढतो. ताकीद म्हणजे परत येण्याची शेवटची संधी होती, हे त्याला ‘वॉर्निंग’ या साध्या इंग्रजी शब्दाने कळले असते.

बऱ्याच करारांत ही कारणे लिहिलेलीच नसतात. ‘कलम ८० नुसार’ एवढा आकडा असतो. आणि कामगाराला नोटिशीशिवाय, सगळे हक्क राखून नोकरी सोडता येण्याची कारणे सांगणारे कलम ८१ तर आकड्यापुरतेही नसते. मालकाने कराराच्या मुख्य अटी पाळल्या नाहीत, ठरल्यापेक्षा मुळातच वेगळे काम संमतीशिवाय करायला लावले, मारहाण केली, ही त्यातली काही कारणे. भाषांतरकाराने मूळ मजकुरात स्वतःची वाक्ये घुसडू नयेत हे खरे. पण खाली वेगळी टीप देऊन या दोन कलमांचा आशय सांगायला कुणाची हरकत असू नये. नुसता आकडा नेमका उतरवणे हे कामगाराच्या दृष्टीने भाषांतर न करण्यासारखेच आहे.

‘वेतन’ म्हणजे कोणते वेतन?

वरचे सगळे हिशेब २,२०० रियालवर केले, १,६०० वर नाही, कारण कायद्याच्या व्याख्येनुसार नुसते ‘अज्र’ म्हटले की भत्त्यांसह प्रत्यक्ष वेतन. मूळ वेतनासाठी ‘अज्र असासी’ असा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत ‘बेसिक सॅलरी’ लिहून मोकळे होणारे भाषांतर दहा महिन्यांच्या हिशेबात सहा हजार रियाल गायब करते. आणि मुदतीच्या तारखांपुढचे अक्षर पाहावे : ‘हे’ असेल तर हिजरी, ‘मीम’ असेल तर इंग्रजी. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. दोन वर्षांत बावीस दिवस. साठ दिवसांची मुदत चुकायला तेवढे पुरतात.

भाषांतर कुणी आणि कधी करावे?

सध्याची रीत अशी की ज्याला माणूस पाठवायचा आहे, तोच भाषांतरही पुरवतो. मालकाचे कार्यालय किंवा भरती एजंट. त्यांचा हेतू वाईट असेलच असे नाही. पण संपवण्याची कलमे नीट कळावीत यात त्यांचा काही फायदा नाही. सौदीत पोहोचल्यावर करार ‘किवा’ या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो (मराठी ‘किंवा’शी त्याचा संबंध नाही) आणि कामगाराला तो तिथे पाहून मान्य किंवा नामंजूर करता येतो. पण तोवर विमानतळ, कर्ज आणि मेडिकल मागे पडलेले असतात. तिथे ‘नामंजूर’ हे बटण दाबणारे थोडेच.

दहावी न झालेल्या कामगाराला सौदीला जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते, आणि त्यासाठी करार दाखवावा लागतो. म्हणजे कागद मुंबईत सरकारी टेबलावरून जातोच. तिथे पगाराचा आकडा पाहिला जातो, तशी मुदत आणि समाप्तीची कलमे अरबीवरून तपासायला हवीत. सगळा करार नव्हे. ही कलमे साधारण एका पानाची असतात. आणि तपासणी म्हणजे शिक्का नव्हे. भाषांतर बरोबर आहे की नाही हे कामगाराला उलट विचारून कळते. ‘चौदाव्या महिन्यात घरी यायचे झाले तर काय करशील?’ याचे उत्तर ‘दोन महिन्यांची नोटीस देईन’ असे आले, तर इंग्रजी कितीही सुबक असले तरी भाषांतर फसले आहे.

जिथे अशी सोय नाही, तिथे निदान एवढे तरी करता येते : त्या पानावरच्या प्रत्येक वाक्यात कोण, किती दिवस, कोणत्या तारखेपासून आणि कोणाला किती पैसे, हे अरबी जाणणाऱ्या, एजंटाशी संबंध नसलेल्या माणसाकडून बोटाने दाखवून घ्यावे. करारात ‘पहिला पक्ष’ बहुधा मालक आणि ‘दुसरा पक्ष’ कामगार असतो. अरबीत पुढे नुसते ‘त्याला’ असा प्रत्यय येतो, आणि तो ‘त्याला’ म्हणजे कोण हे वाक्यावरून ठरते. इंग्रजीत तिथे ‘हिम’ न लिहिता प्रत्येक वेळी ‘एम्प्लॉयर’ किंवा ‘वर्कर’ लिहायला लावावे.

घरकाम करणाऱ्या महिला आणि घरचे चालक यांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे. त्यांच्या करारातली कलमे वर सांगितलेल्या आकड्यांवरून वाचू नयेत.